एक उजवा खांदा आणि ट्रॅप्सचे तीन भाग : प्रकल्प नोंदी

२० जानेवारी २०२५, सोमवार

जिमच्या वरच्या मजल्यावर माझी फिजिओची खोली आहे. आज खालच्या ट्रेनरने एका मुलाला वर पाठवलं. वय २९, इलेक्ट्रिशियन, बहुतेक कामं फॉल्स सीलिंगच्या वायरिंगची. दिवसातले चार-पाच तास हात डोक्याच्या वर. दोन वर्षांपासून संध्याकाळी जिमला येतो. तक्रार अशी की घोड्यावर चढून छताला ड्रिल लावलं की दोन-तीन मिनिटांत उजव्या खांद्याच्या टोकाला आतून कळ येते आणि मान आखडते. "मान मोडली की बरं वाटतं मॅडम, पण परत तेच."

ट्रेनरचं निदान ठरलेलं होतं : ट्रॅप्स, म्हणजे मानेपासून पाठीपर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस स्नायू, कमजोर; म्हणून श्रग्ज, म्हणजे वजन धरून खांदे कानाकडे उचलायचा व्यायाम, वाढव. आणि हा तर ३० किलोचा डंबेल एकेका हातात धरून श्रग्ज मारतो! कमजोर नक्की काय आहे, यावर जिन्यातच आमचा वाद झाला. म्हणून या एका खांद्याच्या नोंदी दहा आठवडे नीट ठेवायच्या ठरवल्या.

पहिल्या दिवशीची मापं. हात समोरून वर नेताना डावा १७२ अंश, उजवा १५०. बाजूने वर नेताना साधारण ७० ते १२० अंशांच्या टप्प्यात दुखतं, त्यापुढे कमी होतं. ड्रिल धरल्यावर दुखणं दहापैकी सहा. मान फिरवून, वाकवून पाहिली, हातात मुंग्या नाहीत. हात बाहेर फिरवायची ताकद दोन्हीकडे सारखी. मानेवर गाठ काढल्याचा व्रण आहे का तेही मुद्दाम पाहिलं. ट्रॅपेझियसला हुकूम देणारी अकरावी मेंदूनस तिथे त्वचेखाली अगदी वरवर असते, आणि मानेतली साधी गाठ काढतानाही तिला इजा होऊ शकते. तशी इजा असती तर खांदा एका बाजूला उतरलेला दिसला असता आणि व्यायामाच्या आधी डॉक्टरकडे पाठवावं लागलं असतं. इथे तसं काही नाही.

मग एक सोपी चाचणी केली. तो हात वर नेत असताना मी मागे उभी राहून त्याच्या खांद्याच्या पात्याचं खालचं टोक हाताने बाहेर आणि वर ढकललं. दुखणं सहावरून दोनवर आलं आणि हात १६५ पर्यंत गेला. तो वळून म्हणाला, "काय दाबलंत?" मी काहीच दाबलं नव्हतं. पात्याला फिरायला मदत केली होती.

२२ जानेवारी

आज पाठीवर मार्करने ट्रॅपेझियसचे तिन्ही भाग काढून फोटो घेतले. त्यालाही दाखवले. आपल्या पाठीत एवढा मोठा पतंग आहे हे त्याला माहीत नव्हतं.

कवटीच्या मागच्या उंचवट्यापासून सुरू होऊन मानेच्या मधोमध उतरत छातीच्या बाराव्या मणक्यापर्यंत हा एकच स्नायू जातो. धागे मात्र तीन दिशांचे. वरचे धागे मानेतून उतरून कॉलरबोनच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागाला लागतात. मधले जवळजवळ आडवे, खांद्याच्या टोकाला आणि पात्यावरच्या आडव्या कडेला. खालचे तिरके वर चढत त्याच कडेच्या आतल्या, म्हणजे मणक्याकडच्या टोकाशी येऊन थांबतात. हे शेवटचं टोक लक्षात ठेवायचं, पुढे सगळं तिथेच अडणार आहे.

वरच्या भागाबद्दल मीही शिकताना एक चुकीचं चित्र डोक्यात धरलं होतं : मानेवरून टांगलेली दोरी, खांद्याला सरळ वर ओढणारी. जॉन्सन, बॉगडुक आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मृतदेहांवर धाग्यांच्या दिशा मोजल्या तेव्हा दिसलं की कॉलरबोनला लागणारे धागे शेवटी शेवटी बरेच आडवे होतात. ते कॉलरबोनला मागे आणि आत ओढतात. तिचं आतलं टोक छातीच्या मधल्या हाडाशी सांध्याने बांधलेलं असतं, त्यामुळे ती तिथून फिरते आणि बाहेरचं टोक उचललं जातं. म्हणजे हाताचा भार मानेच्या मणक्यांवर लटकत नाही, कॉलरबोनमधून छातीच्या हाडाकडे जातो. थेट मानेच्या मणक्यांपासून पात्याच्या वरच्या कोपऱ्याला खेचणारा स्नायू वेगळा आहे, लेव्हेटर स्कॅपुली. याची मान ज्या जागी आखडते तिथे बोट ठेवलं तर तो नेमका त्यावरच पडतो, ट्रॅपेझियसच्या जाड कडेवर नाही.

मोबाईलमधलं कोन मोजायचं ॲप पात्याच्या कडेवर ठेवून पाहिलं. हात खाली असतानाच्या जागेपासून १२० अंशांवर नेईपर्यंत डावं पातं ३५ अंश फिरलं, उजवं २४. त्वचेवरून घेतलेलं माप आहे, दोन-तीन अंश इकडेतिकडे होणारच.

२७ जानेवारी

श्रग्जचा दिवस. मागून व्हिडिओ काढला, पात्याच्या खालच्या टोकावर लाल ठिपका.

त्याची पद्धत : डंबेल मांडीला चिकटलेले, हनुवटी पुढे, खांदे झटक्यात कानाकडे आणि वरून गोल फिरवून खाली. तीस किलोमुळे हात ताणला जातो आणि पातं आधीच खाली ओढलेलं असतं. उचलताना लाल ठिपका वर गेला खरा, पण जाताना मणक्याकडे सरकला. उजवीकडे जास्त. म्हणजे पातं उचललं गेलं आणि उलट दिशेने फिरलं. हात डोक्यावर नेताना तो ठिपका काखेकडे जायला हवा.

यात वरचा ट्रॅप काम करत नाही असं अजिबात नाही. एका हाताच्या श्रगमध्ये त्याच्यात जेवढी विद्युत हालचाल दिसते तेवढी फार थोड्या व्यायामांत दिसते. पण हात शरीराला चिकटलेले असले की लेव्हेटर आणि पात्याला मणक्याकडे ओढणारा ऱ्हॉम्बॉइडही जोर लावतात, आणि ते दोघे पात्याला खालच्या दिशेने फिरवणारे. या मुलाने दोन वर्षं वरच्या ट्रॅपबरोबर त्याच्या विरोधकांनाही तितकंच खाऊ घातलंय.

बदल एकच केला. हात बाजूला साधारण ३० अंश उघडे ठेवायचे आणि तसेच ठेवून श्रग करायचा. पिझारी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हाच फरक तपासला होता, आणि अशा श्रगमध्ये वरच्या आणि खालच्या दोन्ही ट्रॅप्सची विद्युत हालचाल नेहमीच्या श्रगपेक्षा जास्त आढळली. वजन अर्थातच कोसळतं, कारण हात बाहेर धरून ठेवायला खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू लागतो. तीसवरून सातवर आलो. "मॅडम, खाली पोरं हसतील." म्हटलं, वर येऊन हसायला सांग.

खांदे गोल फिरवणं बंद. त्यातून कुठल्याच धाग्याला काही मिळत नाही. वजन खाली खेचतंय, मागेपुढे नाही. वर दोन सेकंद थांबून सावकाश उतरायचं, बारा वेळा, तीन फेऱ्या. व्हिडिओत ठिपका आता सरळ वर जातो, किंचित बाहेर. एवढं आजच्यापुरतं चालेल.

३ फेब्रुवारी

फेस पुल, म्हणजे पुलीचा दोर चेहऱ्याकडे ओढायचा व्यायाम. हा त्याचा आवडता, कारण इन्स्टावर सगळे करतात. पुली कमरेच्या उंचीवर, ३५ किलोची पिन, दोर गळ्यापर्यंत, धड मागे झुकलेलं. याला मी फेस पुल म्हणत नाही. तिरका अपराइट रो आहे हा, ओढ खालून वर असल्यामुळे खांदे कानाशी जातात आणि वरचा भागच पुन्हा राबतो.

पुली कपाळाच्या उंचीवर लावली, पिन १२.५ वर. दोराची टोकं अंगठे मागे राहतील अशी धरायची. कोपर खांद्याच्या रेषेत उघडत दोर नाकाच्या पुलाकडे आणायचा, शेवटी मुठी कानांच्या बाजूला, हात बाहेर फिरलेले. तिथे दोन सेकंद. धड मागे जायला लागलं की वजन जास्त झालं, दुसरी परीक्षा नको.

काम होतं ते मधल्या धाग्यांचं, मागच्या डेल्टॉइडचं आणि हात बाहेर फिरवणाऱ्या छोट्या स्नायूंचं. मधले धागे आडवे, म्हणून पातं मणक्याकडे धरून ठेवणं हे त्यांचं खास काम. मी बोटं मणका आणि पातं यांच्यामध्ये ठेवली होती. ३५ किलोला तिथे काहीच घट्ट होत नव्हतं, १२.५ ला लगेच झालं. वजन कमी केल्यावर स्नायू जास्त लागतो हे कुणाला तोंडी पटत नाही, बोट लावलं की पटतं.

वहीत लिहून ठेवलं : "फेस पुलने मधला आणि खालचा, दोन्ही सुधारतील." हे वाक्य तसंच ठेवते, खोडत नाही.

१७ फेब्रुवारी

चार आठवडे झाले. वरचं वाक्य चुकलं.

खालच्या ट्रॅपची ताकद मोजायला माझ्याकडे महागडं यंत्र नाही. सामान तोलायचा हुकवाला काटा आहे, प्रवासाचा. पालथं झोपवून हात डोक्याच्या दिशेने तिरका, शरीराशी साधारण १३५ अंशांवर, अंगठा छताकडे. मनगटाला पट्टा, पट्ट्याला काटा, काट्याचं दुसरं टोक बाकाच्या पायाला. हात वर उचलायचा आणि आकडा वाचायचा. पहिल्या आठवड्यात डावा ४.१ किलो, उजवा २.६ होता. आज उजवा २.७. म्हणजे जागच्या जागी. हात सरळ बाजूला, ९० अंशांवर ठेवून मोजलं, जिथे मधले धागे जास्त लागतात, तर उजवा ३.४ वरून ४.३ वर गेलाय. फेस पुलने जे द्यायचं होतं ते दिलंय. मी त्याच्याकडून दुसऱ्याच्या वाटचं मागत होते.

कारण धाग्यांच्या दिशेतच आहे. कपाळाच्या उंचीवरून आडवं ओढताना प्रतिकार आडवा असतो, तिरक्या धाग्यांच्या रेषेत येत नाही. एकस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा व्यायामांची तुलना केली तेव्हा खालच्या ट्रॅपमध्ये सर्वांत जास्त विद्युत हालचाल दिसली ती पालथं झोपून, खालच्या धाग्यांच्याच रेषेत हात डोक्यावर उचलताना. मी मोजायला जी स्थिती वापरते तीच. परीक्षा घेत होते आणि अभ्यास दुसराच देत होते.

दुखणं सहावरून चारवर आलंय. पण गेल्या आठवड्यात त्याने एका बंगल्याचं काम दोन दिवस सलग केलं आणि शनिवारी पुन्हा सहा. या आकड्यावर आत्ता फारसा विश्वास ठेवत नाही.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती, खाली जिम बंद, म्हणून इन्क्लाइन बाक निवांत मिळाला. त्यावर पालथा झोपवला आणि दोन्ही हात डोक्याकडे तिरके उचलून इंग्रजी वाय अक्षर काढायला लावला, वजनाशिवाय.

पहिल्याच उचलीत खांदे कानाला. खालचा भाग कमी पडला की लेव्हेटर मदतीला धावतो, आणि हात उचललेला दिसतो म्हणून बघणारा फसतो. बघायचं कुठे तर मान आणि खांदा यांच्यातल्या खोबणीत. ती भरून आली की चुकीचा स्नायू राबतोय. दोन गोष्टी केल्या. हात जास्त डोक्याकडे न नेता थोडे उघडे, १२० अंशांच्या आसपास. आणि उचल फक्त बाकापासून वीतभर. पात्याच्या खालच्या टोकाजवळ, मणक्याच्या कडेने माझी दोन बोटं ठेवली आणि म्हटलं, "हे बोट उचलून दे." सहाव्या वेळी बोटाखाली दोरी ताणल्यासारखं जाणवलं. त्यालाही कळलं, कारण तो थांबला आणि म्हणाला, "हे कुठून आलं?"

आठ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवस आड. जोडीला डाव्या कुशीवर झोपून उजवा हात समोरून वर नेणं, एक किलोने. यात खालचा भाग लागतो आणि वरचा फारसा आडवा येत नाही. फेस पुल तसाच चालू.

३ मार्च

आज एक घोटाळा सापडला. हात १५५ वर अडकून होता आणि वरच्या टोकाला नवीन टोचणी सुरू झाली होती. त्याला हात वर न्यायला सांगितलं तर खांदा आधी जोर लावून खाली दाबला, मग हात नेला. कुणी शिकवलं? जिममध्येच कुणीतरी. "ट्रॅप वापरायचा नाही, खांदा खाली लॉक."

ही सूचना लॅट पुलडाऊनच्या, म्हणजे डोक्यावरचा दांडा खाली ओढायच्या व्यायामाच्या, सुरुवातीला ठीक आहे. हात डोक्यावर नेताना ती सरळ अडथळा आणते. तिथल्या तिथे मोजलं : खांदा दाबून १४१ अंश, न दाबता १५७.

हात पूर्ण वर जातो तेव्हा पातंही बरंच फिरतं. इनमन आणि सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये मांडलेला ढोबळ हिशोब असा की १८० पैकी साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्याचे आणि ६० पात्याचे. माणसागणिक आणि टप्प्यागणिक हे बदलतं, पण पातं फिरल्याशिवाय हात वर जात नाही एवढं पक्कं. सुरुवातीला पातं ज्या बिंदूभोवती फिरतं तो आडव्या कडेच्या आतल्या टोकाजवळ असतो, म्हणजे खालचे धागे जिथे लागतात बरोबर तिथे. आसाजवळ ओढून काही फिरत नाही. म्हणून त्या टप्प्यात खालचा भाग पात्याची आतली कड नुसती रोवून धरतो. मधला भागही तेच करतो, कारण सेरेटस अँटिरियर हा बाजूच्या बरगड्यांवरचा स्नायू पात्याला बरगड्यांवरून पुढे खेचत असतो आणि कुणीतरी मागे धरायला हवं. हात वर जात राहतो तसा फिरण्याचा बिंदू खांद्याच्या टोकाकडे सरकतो. आता खालच्या धाग्यांना तरफ मिळते. ते आतलं टोक खाली ओढतात, वरचे धागे कॉलरबोनमार्फत बाहेरचं टोक वर नेतात, सेरेटस खालचं टोक बाहेर खेचतो. रिक्षाचं हँडल वळवताना एक हात ओढतो आणि दुसरा ढकलतो, तसं.

यात वरच्या ट्रॅपला "बंद" केलं तर हँडल एकाच हाताने वळवायचं. त्याच्या बाबतीत दुसरा हात आधीच अशक्त. टोचणी आली नसती तर नवल.

सूचना बदलली : "खांद्याला हाताबरोबर जाऊ दे, पण पहिल्या अर्ध्यात कानाकडे धावू नको." भिंतीवर कोपर ते मनगट टेकवून हात वर सरकवायचे, शेवटी तळवे भिंतीपासून दोन बोटं सोडवायचे. आणि हात पूर्ण वर असताना हलका श्रग, पाच किलोची काठी डोक्यावर धरून. श्रग शेवटी इथे उपयोगी पडला, हात खाली असताना नाही. पात्याची दिशा आधीच बरोबर असते, म्हणून उचल फिरण्याला धरून होते.

१० मार्च

कामाच्या जागी गेले, दुपारी अर्धा तास. घोडा दोन पायऱ्या बुटका. त्यामुळे ड्रिल डोक्याच्या वर पूर्ण ताणलेल्या हाताने, मान मागे टाकून. ड्रिल अडीच किलोच्या आसपास. दोन पायऱ्या वर चढवला, छत कपाळापासून हातभर अंतरावर आलं, कोपर वाकले. ड्रिलखाली डाव्या हाताचा टेकू. सहा भोकांनंतर दुखणं विचारलं, दोन. हे कुठल्याही धाग्याने केलेलं नाही, घोड्याने केलंय. नोंदीत वेगळं लिहायला हवं, नाहीतर शेवटी सगळं श्रेय वाय घेऊन जाईल.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा, त्यामुळे तो सकाळीच येऊन गेला. शेवटची मापं.

समोरून वर १६८. ड्रिलच्या स्थितीत दुखणं दहापैकी एक, कधी शून्य. खालच्या ट्रॅपचा काटा ३.८, डावा ४.२. मधला ४.६. पात्याचं फिरणं १२० अंशांवर ३१. हात उघडे ठेवून करायचा श्रग आता दहा किलोने. वाय एक किलोच्या डंबेलने, खोबणी रिकामी राहते.

यातल्या कशाने नेमकं काय झालं ते एका खांद्यावरून सांगता येणार नाही. घोडा बदलला, श्रग्जचं वजन दोन तृतीयांशाने उतरलं, वाय वाढला, आणि दहा आठवडे गेले. पातं डोळ्याला अजूनही थोडं उशिरा फिरताना दिसतं. मला त्याची घाई नाही. न दुखणाऱ्या माणसांची पातीही वेडीवाकडी हलतात, मी कॅमेरा लावून स्वतःची पाहिली आहेत.

ट्रेनरशी तोडगा निघाला. जड श्रग्ज करायचे त्यांनी करावेत, पण छताकडे हात नेणाऱ्यांना तेवढ्याच फेऱ्या वायच्या. फलकावर त्याने लिहिलं "ट्रॅप्स : श्रग, फेस पुल, वाय". मी खडू घेऊन प्रत्येकापुढे वर, मध, खाली असं लिहून आले. फलकाच्या अगदी वरच्या ओळीत लिहायचं होतं, टाचा उचलून. डावा खांदा कानाला लागला माझाच. सोमवारपासून काटा माझ्या मनगटाला.